दहा मिनिटांत सफाई?

महोदय,

‘क्षयरोग प्रयोगशाळेत नळी फुटली, दहा मिनिटांत सफाई, काम पूर्ववत’ ही कालची बातमी वाचली. ‘दहा मिनिटांत’ हे तुमच्या वार्ताहराने कौतुकाने लिहिले आहे. एकतीस वर्षे लॅबमध्ये काढलेल्या माणसाच्या पोटात तिथेच गोळा आला.

सेंट्रिफ्यूजमध्ये बेडक्याची नळी तडकली, तर मशीन बंद करायचे आणि झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही. जंतू सांडलेल्या बेडक्यापेक्षा हवेत उडालेल्या सूक्ष्म थेंबांत जास्त घातक असतात. झाकण आधीच उघडले गेले असेल, तर ते लगेच लावून सगळ्यांनी खोलीबाहेर पडायचे आणि किमान तासभर आत जायचे नाही. मग एन-९५ मास्क व हातमोजे घालून, सांडल्यावर कागद पसरून, कडेकडून मध्यभागी ५ टक्के फिनॉल ओतायचे. फिनॉल बरं का, फरशीचे फिनेल नव्हे! पुन्हा अर्धा तास थांबून तुकडे चिमट्याने उचलायचे. आता यात दहा मिनिटे कुठे बसतात, ते वार्ताहरानेच सांगावे.

आमच्याकडे (रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही) अशीच नळी तडकली होती, नमुना ‘३ प्लस’चा, म्हणजे जंतूंनी खच्चून भरलेला. खड्खड् आवाज आला म्हणून आमच्यातल्या एकाने ‘बघू तरी’ म्हणत झाकण उघडले. पुसायला मावशींना हाक मारली. त्यांच्या तोंडाला पदर, आम्हाला मास्क. दुसऱ्या दिवशी साहेबांनी खोलीत कोण होते, किती वेळ होते, मास्क होता का, अशी यादी केली. आमची चौघांची मांटू टेस्ट, म्हणजे क्षयाचा संसर्ग झाला का हे पाहणारी त्वचेची चाचणी, लगेच झाली आणि आठ आठवड्यांनी पुन्हा. मावशी कंत्राटी, त्यामुळे त्या यादीतच नव्हत्या. मीही आठवण केली नाही, हे कबूल करतो.

तिसऱ्या महिन्यात त्यांना खोकला लागला, तेव्हा कुठे टेस्ट केली. टोचल्या जागची गाठ १६ मिलिमीटर आली, म्हणजे पॉझिटिव्ह. एक्स-रे साफ होता. साहेब म्हणाले, ‘हे जुनंच असेल, आपल्याकडे निम्म्या लोकांची पॉझिटिव्ह येते.’ असेलही. पण पहिल्या दिवशीची टेस्टच नाही म्हटल्यावर, जुने की त्या दिवसाचे, हे ठरवायचे कशावरून? अपघाताच्या नोंदीत त्यांचे नाव नाही, म्हणून त्यांना काही मागताही आले नाही. कालच्या बातमीतही ‘कर्मचारी सुरक्षित’ एवढेच आहे. पुसले कोणी, हे विचारायला वार्ताहराला फोन करता आला असता.

आणि बातमीत तीनदा ‘क्षयाचा विषाणू’ छापले आहे. तो जिवाणू आहे. कॉकने १८८२ मध्ये शोधला, तुमच्या मुद्रितशोधकापर्यंत अजून पोचलेला दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
(नाव छापू नये)