सूचना: मेमोतल्या तळटिपा

तालुका वकील गटातील सर्व सदस्यांना नमस्कार. मेमोत टीपेचा आकडा हाताने टाइप करू नका, वर्डमधून Alt+Ctrl+F ने घाला. क्रम आपोआप बदलतो. आकडा पूर्णविराम किंवा स्वल्पविरामानंतर, जागा न सोडता यावा.

खरा घोळ ‘तत्रैव’चा होतो. समजा टीप 4 मध्ये जमीन महसूल संहिता, 1966, कलम 247 आहे आणि टीप 5 मध्ये ‘तत्रैव, कलम 257’. मधे विदर्भ कुळ कायदा, 1958 ची टीप घुसली की आकडे सरकतात, पण ‘तत्रैव’ आता कुळ कायद्याकडे बोट दाखवतं! म्हणून पहिल्या टीपेत पूर्ण नाव आणि ‘(यापुढे महसूल संहिता)’ लिहा; पुढे सगळीकडे तेवढंच, कुठे ‘संहिता’ कुठे ‘महसूल कायदा’ नको. शेवटटिपांनाही हेच लागू.