ऐंशी टक्के कशाचे, ते आधी विचार

प्रिय माय,

काल फोनवर तू घाईत होतीस आणि मागं आई पण बोलायली होती, म्हणून नीट सांगता आलं नाही, लिहूनच पाठवतो. तुझ्यासमोर आता दोन इंटर्नशिप आहेत, हिंजवडीची पंचवीस हजारांची आणि इकडं शेंद्र्याची बारा हजारांची, दोन्ही जानेवारी ते जून. हिंजवडीचे एचआर म्हणायलेत की आमचं कन्व्हर्जन, म्हणजे इंटर्नमधून नोकरीवर घेण्याचं प्रमाण, ऐंशी टक्के आहे, आणि तुझं मन तिकडं चाललंय. जायला माझी ना नाही, पण मी वाळूजला पर्सनलमधी बसतो, ट्रेनी पोरं कशी घेतात आणि कशी ठेवतात ते रोज बघतो, तर हा आकडा आधी फोडून बघू.

तू मेल करून जे आकडे मागवलेस ना ते फार चांगलं केलंस. मागच्या जानेवारीत ५० जण घेतले, शेवटपर्यंत ३० राहिले, त्यातल्या २४ जणांना ऑफर. ३० पैकी २४ म्हणजे ऐंशी टक्के, त्यांचं गणित खोटं नाही. पण तू जाशील ती ५० मधली एक म्हणून जाशील, ३० मधली नाही. ५० पैकी २४ म्हणजे ४८ टक्के. आता जे २० मधीच गेले त्यातले ८ जण दुसरीकडं प्लेसमेंट झाली म्हणून स्वतः सोडून गेले असं त्यांनी लिहिलंय, त्यांचा दोष कंपनीवर टाकणं बरोबर नाही, ते ८ बाजूला काढ. उरले ४२, त्यात १२ जणांना मार्चच्या रिव्ह्यूत थांबवलं, ६ जणांना शेवटी नाही म्हणाले, २४ घेतले. म्हणजे साधारण ५७ टक्के. खरा आकडा हा धर.

मात्र कोण स्वतः गेलं आणि कोणाला घालवलं हे कंपनीच्या तोंडून आलेलं आहे. ते लिंक्डइनवर ताडून बघ. कंपनीच्या पानावर पीपल मधी जाऊन इंटर्न शोध, मागच्या दोन बॅचची पोरं निघतील, कुणाच्या प्रोफाइलला त्याच कंपनीत इंटर्नच्या वर पुढची पोस्ट दिसती आणि कुणाचं जूनला संपून चार-सहा महिने रिकामं दिसतंय ते बघ. ज्यांना मार्चमधी काढलं ते बऱ्याचदा ती नोंदच टाकत नाहीत, त्यामुळं तिथं चित्र जरा जास्तच चांगलं दिसतं, हे डोक्यात ठेव. दोघा-तिघांना मेसेज टाक आणि एवढंच विचार, मार्चच्या रिव्ह्यूत काय बघतात आणि त्यांच्या टीममधी किती जागा होत्या. सीनियर पोरं खरं सांगतात.

शेंद्र्याच्या कंपनीचं उलटं आहे. त्यांनी सांगितलं ४ पैकी ३ घेतले, म्हणजे ७५ टक्के, पण इतक्या लहान आकड्याला टक्के लावायचेच नसतात, एक पोरगं कमी झालं की पन्नासवर येतंय. त्याच्या आदल्या वर्षी ५ पैकी २ घेतले होते. दोन वर्षं मिळून ९ पैकी ५, म्हणजे तेही ५५ च्या आसपास. बघितलंस का, ऐंशी आणि पंचाहत्तर म्हणत होते, हिशेब लावला की दोन्ही जवळपास सारखेच.

आता आतली गोष्ट सांगतो, कारण पोरांना वाटतं चांगलं काम केलं की ऑफर आलीच. आमच्याकडं पुढच्या वर्षाचा मनुष्यबळाचा बजेट फेब्रुवारीच्या सुमारास वर जातो, कोणत्या डिपार्टमेंटला किती जागा ते तिथं ठरतं, आणि मंजूर जागा नसली तर पोरगं कितीही हुशार असू दे, मॅनेजर स्वतः येऊन माझ्यासमोर भांडतो तरी सर्टिफिकेट देऊन पाठवावं लागतं. तुझ्या हिंजवडीच्या लेटरात एक ओळ आहे, पर्फॉर्मन्स आणि बिझनेस रिक्वायरमेंट बघून विचार केला जाईल, त्यातला दुसरा शब्द म्हणजे हीच जागा. म्हणून एचआरला टक्के विचारू नको, थेट विचार की माझ्या टीमला या वर्षी किती जागा मंजूर आहेत आणि त्यासाठी इंटर्न किती घेतलेत. २ जागांसाठी ८ इंटर्न असतील तर मागच्या वर्षीचा आकडा तुझ्या कामाचा नाही. उत्तर टाळलं तर तेही कळलंच.

शेंद्र्याच्या लेटरात अप्रेंटिस शब्द आहे का तेवढं बघ. कायद्यानं ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि नंतर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणून काही ठिकाणी ती जागा दरवर्षी नव्या पोरांनी भरायचीच असते. तसं असलं तरी लगेच नाही म्हणू नको, मागच्या वर्षी घेतलेले तिघं अप्रेंटिसमधूनच परमनंट झाले का ते विचार, झाले असतील तर तिथं रस्ता आहे.

स्टायपेंडचं. पंचवीस हजारातून हिंजवडीत जेवणासकट पीजी बारा हजार धर, येणंजाणं, मोबाइल, दवाखाना, सणाला घरी यायचं तिकीट, तीन-साडेतीन हजार, हाती उरतात साडेनऊ. शेंद्र्याला तू घरून कंपनीच्या बसनं जाशील, दोन हजार खर्च धरला तरी दहा उरतात. तर पैशावरून ठरवायचं कारणच राहिलं नाही.

ऑफरचा आकडाही असाच फोड. हिंजवडीवाले वर्षाला सहा लाख म्हणायलेत, त्यांनी पाठवलेल्या कागदात फिक्स्ड ४ लाख २० हजार आहे, ६० हजार व्हेरिएबल, ६० हजार वर्षभर टिकलीस तर मिळणारा बोनस, आणि ६० हजार कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स. म्हणजे फिक्स्डचे महिन्याला ३५ हजार, त्यातून तुझा पीएफ १८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की ३३ हजार. वाईट नाही, पण तुलना करायची ती याच आकड्याशी. आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले तर करायची नाही, कंपनी कितीही मोठी असू दे, झेरॉक्स दे आणि ओरिजिनल दाखवून परत घे.

सगळ्यात महत्त्वाचं तुझ्या प्लेसमेंट ऑफिसला विचारायचं राहिलंय. इंटर्नशिप घेतली की काही कॉलेजं कॅम्पसला बसू देत नाहीत, आणि कन्व्हर्जन झालं नाही तर जूनमधी पोरगी ना इकडची ना तिकडची राहती. नियम काय आहे ते लेखी घे. मार्चच्या रिव्ह्यूत थांबवलं तर परत कॅम्पसला बसता येतंय असं असेल तर हिंजवडी घे, तिथलं काम तुझ्या आवडीचं आहे आणि टीमही मोठी आहे. बसू देणार नसतील तर मला शेंद्रा बरं वाटतंय, कारण त्यांच्या मॅनेजरनं तुला सांगितलं ना की एक इंजिनिअर एप्रिलमधी सोडायलाय आणि ती जागा भरायचीय, तशी ठराविक रिकामी जागा हिंजवडीनं अजून दाखवली नाही.

शुक्रवारपर्यंत दोघांना उत्तर द्यायचंय म्हणालीस. उद्या सकाळी आधी प्लेसमेंट ऑफिस, मग हिंजवडीला जागांचा मेल. उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर, रात्री आईचं जेवण झालं की दोघं बसून वाचतो.

तुझा,
पप्पा