डिस्चार्जच्या बिलावर तारखेसोबत वेळही छापा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आईच्या पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. रविवारी रात्री ९.४० ला तिला दाखल केलं आणि गुरुवारी दुपारी साडेबाराला डिस्चार्ज मिळाला. फायनल बिल ९५,६८० रुपयांचं होतं. भरलेले ४० हजार वजा जाता ५५,६८० बाकी दाखवले होते. मी सहकारी पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात बावीस वर्षं घालवली आहेत, म्हणून कॅन्टीनच्या टेबलावर बसून बिल फाईलशी ताडून पाहिलं. दीड तासानंतर खरी बाकी निघाली २९,०७० रुपये.

पहिली गोष्ट खोलीभाड्याची. बिलात रविवार ते गुरुवार असे पाच दिवस धरले होते. चोवीस तासांच्या हिशेबाने बुधवारी रात्री ९.४० ला तीन दिवस भरतात आणि उरलेले पंधरा तास हा चौथा दिवस. रविवारचे जेमतेम सव्वादोन तास पूर्ण दिवस म्हणून लागले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘काका, आमच्याकडे तारखेने मोजतात.’ मोजत असतील, पण स्वागतकक्षातल्या दरफलकावर ‘२४ तासांस’ असं लिहिलेलं होतं. फलकाचा फोटो दाखवल्यावर एक दिवस कमी झाला, म्हणजे ३,२०० रुपये. बिलावर फक्त तारखा होत्या. वेळ सापडली ती दाखल करतानाच्या कागदावर.

पॅकेज ६८ हजारांचं. त्यात तीन दिवसांची खोली, नर्सिंग, शस्त्रक्रियागृह आणि तिथली औषधं धरलेली, असं दाखल होताना सही घेतलेल्या अंदाजपत्रकात होतं. त्याची प्रत मी मागून घेतली होती, नाहीतर पुढचं काहीच बोलता आलं नसतं. बिलात खोलीचे तीन दिवस बरोबर वगळले होते, पण नर्सिंगचे रोजचे ६०० रुपये पाचही दिवस लावलेले. चौथा एकच दिवस लागायला हवा होता, म्हणजे २,४०० जास्त. शिवाय शस्त्रक्रियेच्या सकाळची ४,१५० रुपयांची औषधांची पावती मेडिकलच्या बेरजेत वेगळी आलीच होती. एकच वस्तू दोन दारांनी आत शिरते ती अशी. पॅकेज बिलिंगवाला लावतो आणि औषधं मेडिकलवाला. दोघांची गाठ पडते ती फक्त शेवटच्या बेरजेत.

मेडिकलची बेरीज १४,३८० होती आणि ती बेरीज म्हणून अचूक होती. चूक बेरजेत नसतेच, ती परत गेलेल्या औषधांत असते. एका इंजेक्शनच्या दहा कुप्या वॉर्डात मागवल्या होत्या. मंगळवारी डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, तोवर चारच वापरल्या गेल्या होत्या. उरलेल्या सहा सिस्टरनी परत पाठवल्या आणि परताव्याची चिठ्ठी फाईलला लावली. बिलात दहाच्या दहा होत्या. ३१० रुपयांप्रमाणे सहांचे १,८६० झाले. फाईलमधला औषधांचा चार्ट आणि मेडिकलच्या पावत्या शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही, आणि डिस्चार्जच्या गडबडीत ती फाईल नातेवाइकाच्या हाती सहसा नसतेच.

सगळ्यात मोठी रक्कम मात्र आमचीच होती. मंगळवारी रात्री आणखी १५ हजार अनामत मागितली. बिलिंग बंद होतं, म्हणून तातडीच्या विभागातल्या खिडकीवर भरली. पावती ओपीडी क्रमांकावर फाटली आणि बिल निघालं आयपीडी क्रमांकावर. संगणकाच्या लेखी ते पैसे दुसऱ्याच कुणाचे. मूळ पावती जवळ होती म्हणून वळते झाले.

त्या मुलाला मी चोर म्हणणार नाही. त्याने प्रत्येक दुरुस्ती कागद पाहून लगेच केली. एका ठिकाणी तर मीच चुकलो. तपासण्यांचे ३,९०० मला जास्तीचे वाटले होते, पण अंदाजपत्रकात त्या पॅकेजबाहेर असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं.

साहेब, शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन दर दर्शनी भागात लावणं आलं. त्या फलकाचा मला उपयोग झाला, हे कबूल. पण फलक भिंतीवर असतो आणि भांडण बिलावर होतं. म्हणून बिलाच्या नमुन्यातच चार ओळी सक्तीच्या करा: दाखल झाल्याची व सुटल्याची वेळ आणि दिवस मोजण्याची पद्धत; पॅकेजमध्ये धरलेल्या बाबी, शून्य रक्कम लावून; परत गेलेल्या औषधांची चिठ्ठीनिहाय वजावट; आणि प्रत्येक अनामत पावतीचा क्रमांक. कोरोनाच्या काळात खासगी रुग्णालयांची बिलं तपासायला सरकारने लेखापरीक्षक नेमले होते. तेवढं सध्या मागत नाही. कच्चं बिल आदल्या संध्याकाळी वॉर्डात मिळालं तरी चालेल. टाके दुखत असलेली आई चाकाच्या खुर्चीत दीड तास ताटकळली, ते तरी वाचेल.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त हिशेबनीस