तक्रार: 'तातडीचे काही नाही' ही ओळ तुमच्या डायजेस्टमधून काढा किंवा खरी करा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: रोज सकाळच्या ईमेल डायजेस्टमध्ये ग्राहकाचे संदेश गळणे, त्यामुळे झालेले नुकसान आणि तुमच्याकडून आलेले असमाधानकारक उत्तर

महोदय/महोदया,

मी लेबलं आणि कार्डं छापून देण्याचा लहान व्यवसाय चालवते. माझ्यासह आम्ही चार जण आहोत. ग्राहक दिवसभर आपल्या कामात असतात, त्यामुळे डिझाइन बघून उत्तर द्यायला त्यांना बहुतेक रात्रीच वेळ मिळतो. रात्रीतून आलेले संदेश आणि पेजवरच्या कमेंट सकाळी एका मेलमध्ये वाचता याव्यात, म्हणून अकरा महिन्यांपूर्वी मी तुमची सेवा घेतली. साडेसहाला डायजेस्ट येतं, मी ते वाचते, आठ वाजता मशीन सुरू होतं. सुरुवातीचे काही महिने मला याचा खरोखर उपयोग झाला. म्हणूनच सेवा गुपचूप बंद न करता हे पत्र लिहीत आहे.

आधी घडलेला प्रकार सांगते.

एका ग्राहकाची तीन हजार लेबलांची ऑर्डर होती. संध्याकाळी मी त्यांना अंतिम डिझाइन पाठवलं. रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी त्यांचा संदेश आला, "छान झालंय, पुढे जा." १२ वाजून १८ मिनिटांनी त्यांनी त्याच डिझाइनचा फोटो परत पाठवला. त्यात फोन नंबरातल्या एका अंकाभोवती लाल गोल काढलेला होता, सोबत एकही शब्द नव्हता. मिनिटभराने पुढचा संदेश आला, "हे बदलून मगच घ्या." एवढ्यावर ते निर्धास्त झोपले, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. कोणताही माणूस तो फोटो आणि ती ओळ एकत्र बघून लगेच समजेल.

सकाळी तुमच्या डायजेस्टमध्ये त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं: "ग्राहकाने डिझाइनला मंजुरी दिली असून काम पुढे नेण्यास सांगितले आहे." आणि अगदी वर ठळक अक्षरांत होतं: "आज तातडीचे काही नाही."

दहा वाजेपर्यंत तीनही हजार लेबलं छापून कटिंग होऊन गेली होती. सव्वादहाला ग्राहकांचा फोन आला, "तो नंबर बदललात ना?" सगळा माल टाकून द्यावा लागला. कागद आमचा गेला, दुसऱ्या दिवसाचं काम मागे पडलं, आणि ज्या ग्राहकांनी वेळेत कळवलं होतं त्यांचीच मला माफी मागावी लागली. नुकसानीचा हिशोब वेगळा जोडला आहे.

तुमच्या प्रतिनिधींचं उत्तर आलं की सारांश हा सारांशच असतो, महत्त्वाच्या बाबतीत मूळ संदेश पाहावेत. हे मला मान्य नाही, आणि का ते नीट मांडते.

मूळ संदेश कोणते पाहायचे हे मला कळणार कशावरून? डायजेस्टवरूनच. ज्या संभाषणापुढे 'मंजुरी दिली' असं लिहिलंय ते मी परत उघडत नाही, कारण ते उघडावं लागू नये म्हणून तर मी पैसे भरते. त्यातही अडचण अशी की डायजेस्ट पाठवल्यावर तुमची यंत्रणा त्यातले सगळे संदेश 'वाचलेले' करून टाकते. हे सेटिंग मी चालू केलेलं नाही, ते मुळातच चालू होतं. आमचे मशीन सांभाळणारे सहकारी काम लावण्याआधी इनबॉक्सवर एक नजर टाकतात आणि न वाचलेला ठिपका दिसला तर थांबतात. त्या दिवशीही त्यांनी बघितलं होतं. ठिपका नव्हता. डायजेस्टमध्ये चूक झाली तर ती पकडायची आमच्याकडे जी एक जागा होती, तीही तुम्ही आधीच पुसून ठेवली होती.

चूक नेमकी कुठे होते हे बघायला मी एक साधी चाचणी केली. रात्री दुसऱ्या फोनवरून माझ्याच व्यवसायाच्या खात्याला चार संदेश पाठवले: एक साधा मजकूर, सोबत ओळ लिहिलेला एक फोटो, एक नुसता फोटो आणि एक आवाजी संदेश. सकाळी डायजेस्टमध्ये पहिल्या दोनांचा उल्लेख होता. उरलेल्या दोघांबद्दल अक्षरही नव्हतं, ते नुसते मोजलेलेही नव्हते. तीन रात्री हेच करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच घडलं. याचा अर्थ तुमची यंत्रणा फक्त मजकूर वाचते आणि बाकीचं नसल्यासारखं धरते. आता त्या ग्राहकांचं संभाषण फोटो वगळून वाचून पाहा: "छान झालंय, पुढे जा. हे बदलून मगच घ्या." 'हे' म्हणजे काय ते फोटोत होतं. फोटो गेल्यावर त्या ओळीला संदर्भच उरला नाही, आणि सारांशात स्पष्ट अर्थाचं पहिलं वाक्य तेवढं राहिलं.

फोटोतलं किंवा आवाजातलं सगळं तुम्हाला समजलंच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. पण "या संभाषणात एक फोटो आहे, तो वाचलेला नाही" एवढं लिहायला काय हरकत होती? ती एक ओळ असती तर मी संभाषण उघडलं असतं आणि मशीन थांबवलं असतं. सारांशात काही सुटणं मी समजू शकते. जे वाचलंच नाही त्याच्याबद्दल 'तातडीचे काही नाही' असं ठामपणे लिहिणं मी समजू शकत नाही. माझी मूळ तक्रार हीच आहे.

यानंतर दहा दिवस मी रोज सकाळी डायजेस्ट एका बाजूला आणि प्रत्यक्ष इनबॉक्स दुसऱ्या बाजूला ठेवून आकडे वहीत लिहिले. रोजचा पाऊण तास या कामात गेला. त्यात याहून गंभीर असा दुसरा प्रकार समोर आला.

चौथ्या दिवशी दुपारी मी आमच्या पेजच्या खात्याचा पासवर्ड बदलला. पुढच्या तिन्ही सकाळी डायजेस्टमध्ये कमेंटच्या जागी एकच वाक्य होतं: "काल रात्री नवीन कमेंट नाहीत." मला वाटलं, शांत आठवडा आहे. सहज पेज उघडलं तर तिथे चौदा कमेंट पडल्या होत्या. त्यातल्या तीन एकाच व्यक्तीच्या होत्या. पहिलीत त्यांनी माल कधी मिळेल ते नम्रपणे विचारलं होतं, दुसरीत परत विचारलं होतं, आणि तिसरीत लिहिलं होतं की उत्तर द्यायचं नसेल तर ऑर्डर घेता कशाला. ही तिसरी कमेंट दीड दिवस सगळ्यांसमोर होती.

कारण मी तुमच्याच मदत विभागातल्या तंत्रज्ञांकडून समजून घेतलं, त्यांनी मात्र नीट वेळ देऊन सांगितलं. पेजवरच्या कमेंट वाचायला तुमच्या यंत्रणेला परवानगीची एक किल्ली दिलेली असते, तिला टोकन म्हणतात. पासवर्ड बदलला की जुनं टोकन रद्द होऊ शकतं. मग यंत्रणा कमेंट मागते आणि तिला नकार मिळतो. इथपर्यंत कुणाचाच दोष नाही. पण 'नकार मिळाला' आणि 'कमेंट शून्य आहेत' या दोन वेगळ्या गोष्टी असताना तुमच्या डायजेस्टमध्ये दोन्हींसाठी एकच वाक्य छापलं जातं. जोडणी तुटल्याची सूचना तुमच्या सेटिंगच्या पानावर होती, फिकट राखाडी अक्षरांत, 'पुन्हा जोडा' अशी. त्या पानावर मी वर्षातून दोनदा जाते. डायजेस्ट रोज वाचते. सूचना कुठे हवी होती?

आणखी एक बाब थोडक्यात. मेलच्या कोडचा आकार साधारण १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतं आणि खाली [Message clipped] असं दाखवतं. संदेश जास्त आले त्या दोन दिवशी तुमचं डायजेस्ट असंच कापलं गेलं. 'उत्तर देणे बाकी' हा भाग तुम्ही सगळ्यात शेवटी ठेवता, त्यामुळे ज्या दिवशी तो सर्वांत जास्त हवा असतो त्याच दिवशी तो दिसत नाही. तो भाग वर आणला तरी निम्मा प्रश्न सुटेल.

माझ्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक संभाषणाच्या सारांशाखाली ग्राहकाचा शेवटचा संदेश आहे तसा, त्याच्याच शब्दांत आणि वेळेसह द्यावा, कारण ग्राहक मत बदलतो ते शेवटच्या संदेशात. त्यात न वाचलेले फोटो किंवा आवाजी संदेश असतील तर त्यांची संख्या लिहावी, आणि अशा संभाषणाला 'मंजुरी' किंवा 'तातडीचे नाही' असा शेरा देऊच नये. डायजेस्टच्या सुरुवातीला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंतचे संदेश तपासले ते छापावं. माझ्या नोंदींत पहाटे पाचनंतर आलेले संदेश त्या दिवशी नसून दुसऱ्या दिवशीच्या डायजेस्टमध्ये आहेत, आणि हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. एखादी जोडणी तुटली असेल तर 'कमेंट नाहीत' ऐवजी 'कमेंट तपासता आल्या नाहीत' असं लिहावं, वर आणि ठळक. संदेश आपोआप 'वाचलेले' करण्याचं सेटिंग मुळात बंद असावं, ज्याला हवं तो चालू करेल.

वाया गेलेल्या तीन हजार लेबलांचा खर्च आणि ज्या तीन दिवशी सेवा चालू नसून चालू असल्याचं दाखवलं गेलं त्या महिन्याचं शुल्क परत मिळावं. जोडणी किती दिवस तुटलेली होती याची नोंद तुमच्याकडे असणारच, ती तपासून मला लेखी कळवावी. माझ्या इतर ग्राहकांच्या बाबतीत मागच्या अकरा महिन्यांत असं आणखी कधी झालं तेही मला हवं आहे, म्हणजे ज्यांना उत्तर गेलं नाही त्यांना आतातरी देता येईल.

सोबत त्या सकाळच्या डायजेस्टची प्रत, ग्राहकांच्या परवानगीने त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट (फोन नंबर झाकून), वहीतल्या दहा दिवसांच्या नोंदींचे फोटो आणि नुकसानीचा हिशोब जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. तोपर्यंत 'वाचलेले' करण्याचं सेटिंग मी बंद केलं आहे, आणि डायजेस्ट आलं तरी मशीन सुरू होण्याआधी आमच्यापैकी एक जण इनबॉक्स स्वतः उघडून वाचतो.

कळावे,
आपली एक ग्राहक