पाल पळवण्याच्या स्प्रेवरील ‘अन्नाजवळ सुरक्षित’ या दाव्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय / महोदया,

दोन महिन्यांपूर्वी मी आपल्या कंपनीचा पाल पळवण्याचा स्प्रे घेतला. डब्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत तीन गोष्टी छापल्या आहेत: ‘संपूर्ण नैसर्गिक’, ‘अन्नाजवळ सुरक्षित’ आणि ‘३० दिवस पालमुक्त घर’. खोक्यात एक मोरपीस भेट म्हणून होतं आणि एक पत्रक. स्प्रेचा परिणाम वाढावा म्हणून ओट्याजवळ मोरपीस लावा आणि शेल्फच्या कोपऱ्यांत अंड्याची टरफलं ठेवा, असं त्या पत्रकात सांगितलं आहे. तीनही उपाय मी करून पाहिले. माझी तक्रार तिन्हींबद्दल आहे, पण सगळ्यात जास्त त्या मधल्या हिरव्या ओळीबद्दल.

आधी हे सांगते की नोकरीची बरीच वर्षं मी प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काढली आहेत. त्यामुळे ‘फरक वाटतो’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. पाल दिसली की नाही यावर काहीच ठरत नाही. ती रात्री फिरते आणि आपण तेव्हा झोपलेले असतो. म्हणून मी तिच्या लेंड्या मोजल्या. पालीची लेंडी ओळखायला सोपी असते. काळपट कांडी आणि एका टोकाला पांढरा ठिपका. तो पांढरा भाग म्हणजे तिची घट्ट झालेली लघवी. उंदराच्या लेंडीला तो नसतो.

आमच्या स्वयंपाकघरात पालीच्या दोन जागा आहेत. एक खिडकीच्या वर, दिव्याजवळ. दुसरी समोरच्या कोपऱ्यात, डब्यांच्या शेल्फच्या वर. दोन्हींच्या खाली पांढरा कागद अंथरला, रोज सकाळी लेंड्या मोजून कागद बदलला. पहिल्या पाच रात्री काहीच उपाय केला नाही. खिडकीखाली रोज तीन-चार, कोपऱ्यात एखादी किंवा एकही नाही. यानंतर एकेक उपाय फक्त खिडकीपाशी केला आणि कोपरा तसाच ठेवला. पाल खरंच गेली की नुसती सरकली, हे त्याशिवाय कळलं नसतं.

मोरपिसाचं लवकर आटोपते. पाच रात्री ते खिडकीच्या चौकटीला होतं आणि आकड्यात काडीचाही फरक पडला नाही. चौथ्या रात्री पाणी प्यायला उठले, दिवा लावला, तर बाईसाहेब त्या पिसाच्याच मागे, डोळा थेट पिसाच्या डोळ्याशेजारी. मोर पाली-सरडे खातो हे खरं आहे. पण तो दिवसा चरतो आणि घरातली पाल रात्री निघते. शिवाय न हलणाऱ्या, काही न करणाऱ्या वस्तूला कुठलाच प्राणी फार दिवस भीत नाही. सुरक्षिततेचं म्हणाल, तर पिसापासून विषबाधा होणार नाही. फक्त ते धूळ आणि ओट्यावरची तेलकट वाफ धरून ठेवतं, आणि पिसं खाणारे कीडेही असतात. त्यामुळे ते ओट्याच्या वर टांगा हा सल्ला मला पटत नाही. दिवाणखान्यात शोभेला ठेवायला माझी हरकत नाही. (पिसं गळून पडलेली गोळा केली की उपटली, हेही खोक्यावर कुठे लिहिलेलं नाही.)

टरफलांनी मात्र परिस्थिती बिघडवली. आपलं पत्रक म्हणतं, ‘पालीला अंड्याचा वास सहन होत नाही.’ अहो, पाल स्वतःच अंडी घालते, तीही कडक टरफलाची, बहुतेक वेळा दोन-दोन. मी पत्रकाप्रमाणे ताजी फोडलेली टरफलं न धुता ठेवली. दुसऱ्या सकाळी आतल्या पांढऱ्या ओलाव्यावर मुंग्यांची रांग, तिसऱ्या रात्री झुरळाची दोन पिल्लं. आणि लेंड्या तीन-चारच्या पाच-सहा झाल्या. पालीला आपण ताट वाढून ठेवलं, ती का जाईल? मग टरफलं काढून, उकळून, वाळवून पुन्हा ठेवली. मुंग्या गेल्या आणि लेंड्या परत तीन-चारवर आल्या. म्हणजे टरफलाने पाल पळत नाही. न धुतलेल्या टरफलाने उलट किडे येतात आणि किड्यांमागे पाल.

याहून गंभीर गोष्ट आरोग्याची आहे. कच्च्या अंड्याच्या टरफलावर साल्मोनेला जिवाणू असू शकतो. पालीच्या विष्ठेतही तोच असू शकतो. पालीपासून अन्नाला खरा धोका आहे तो हा. आपल्या पत्रकात ‘पालीचं विष’ असा शब्द दोनदा आला आहे. घरातली पाल विषारी नसते; तिच्या विष्ठेतल्या जंतूंनी जुलाब, उलट्या, ताप होऊ शकतात. म्हणजे ज्या जंतूच्या भीतीने ग्राहक आपला डबा विकत घेतो, तोच जंतू असू शकणारी टरफलं डब्यांच्या शेल्फवर ठेवायला आपण सांगता.

आता स्प्रे. तो काम करतो, पण एक रात्र. पहिल्या सकाळी खिडकीखालचा कागद कोरा होता. मी खूश. मग कोपऱ्यातला पाहिला, तर तिथे चार लेंड्या, जिथे कधी एकीच्या वर पडली नव्हती. दुसऱ्या सकाळी खिडकीखाली एक, कोपऱ्यात दोन. तिसऱ्या सकाळी सगळं पूर्वीसारखं. कारण उघड आहे. वासावरून तरी यात पुदिना, गवती चहा, लवंग यांची तेलं असावीत आणि अशी तेलं हवेत उडून जातात, म्हणून तर त्यांचा वास येतो. वास उडाला की उपाय संपला. ३० दिवस हा आकडा कुठून आला, ते मला लेखी कळवावं. आणि त्या एका रात्रीत पाल घराबाहेर गेली नाही, दिव्याजवळून उठून अन्नाच्या शेल्फवर गेली.

पत्रकात असंही आहे की पाल दिसताच थेट तिच्यावर फवारा. तेही केलं. ती पळाली. दुसऱ्या दिवशी साध्या बाटलीतून नुसतं पाणी मारलं, तेव्हाही तेवढ्याच वेगाने पळाली. पण फवारा बसला तेव्हा तिची पकड सुटली आणि ती धपकन ओट्यावर पडली. शेजारी दुधाचं पातेलं होतं, सुदैवाने झाकलेलं. भिंतीला धरून ठेवणारे तिच्या बोटांवरचे केस अतिसूक्ष्म असतात. ओल्या पृष्ठभागावर त्यांची पकड ढिली पडते. ओट्याच्या वर बसलेल्या पालीवर फवारणं म्हणजे ती खाली पाडणं. ही सूचना पत्रकातून आजच काढा.

आता ‘अन्नाजवळ सुरक्षित’कडे येते. फवारलेल्या जागेपासून तीन फुटांवर मी एक कोरडी स्टीलची ताटली ठेवली होती. सकाळी तिला लवंगेचा स्पष्ट वास होता. म्हणजे थेंब किंवा निदान त्यांची वाफ तिथवर आली होती. तिच्याशेजारच्या एका पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याचं झाकण धूसर आणि चिकट झालं, ते घासूनही निघत नाही. फोटो जोडला आहे. अशी तेलं काही प्लास्टिक मऊ करतात. जे झाकणात शिरतं ते डब्यात शिरणार नाही, याची खात्री कोण देणार?

मी आपल्या ग्राहक क्रमांकावर फोन केला होता. ‘आत काय आहे’ असं विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘सगळं नॅचरल आहे मॅडम, घाबरू नका.’ नॅचरल म्हणजे निरुपद्रवी नव्हे. लवंगेचं तेल लहान मुलाच्या पोटात चमचा-दोन चमचे गेलं तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. मांजरांच्या शरीराला अशी बरीच तेलं नीट पचवता येत नाहीत, आणि मांजर अंग चाटते, म्हणजे फवारा तिच्या पोटात जातोच. डब्यावर फक्त ‘वनस्पतिजन्य अर्क’ एवढंच आहे. कोणते, किती टक्के, काही नाही. आत सायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिनसारखं कीटकनाशक आहे की नाही, हेही त्यावरून कळत नाही. परमेथ्रिन मांजरांना घातक असतं. असल्या स्प्रेने पाल कमी झालेली दिसते ती किडे मेल्यामुळे, आणि तो ओट्यावर मारायचा नसतो.

आणि डब्याच्या तळाशी, घडीच्या आत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ‘अतिज्वलनशील’ असं छापलं आहे. दाबाखालचा वायू भरलेला डबा, आणि समोरच्या बाजूला चित्र गॅसच्या शेगडीचं. हे चित्र कोणी मंजूर केलं?

पाल शेवटी कशाने कमी झाली, तेही सांगते, कारण पत्रकात ते एका शब्दानेही नाही. एक्झॉस्ट पंख्याच्या चौकटीभोवती पेन्सिल जाईल एवढी फट होती. ती बुजवली, पंख्याला जाळी लावली आणि रात्री खिडकीजवळचा दिवा बंद ठेवू लागले. किडे घटले. दहा दिवसांनी खिडकीखाली एखादीच लेंडी, तीही रोज नाही. उरलेली पाल राहो बापडी, अन्न झाकलेलं असतं आणि लेंडी दिसली की ती जागा साबणाने धुऊन घेते.

माझ्या मागण्या अशा आहेत. ‘अन्नाजवळ सुरक्षित’ आणि ‘३० दिवस’ हे दोन्ही दावे डब्यावरून काढावेत, किंवा ते कोणत्या चाचणीवर आधारलेले आहेत त्याची प्रत मला पाठवावी. घटकांची नावं आणि प्रमाण ठळक अक्षरांत छापावं, ज्वलनशीलतेची सूचना समोर आणावी आणि शेगडीचं चित्र हटवावं. टरफलांचा आणि थेट फवारण्याचा सल्ला असलेली पत्रकं परत घ्यावीत. मला डब्याचे आणि खराब झालेल्या झाकणाचे पैसे परत मिळावेत.

निम्मा भरलेला डबा मी शेगडीपासून दूर, बाल्कनीत सावलीत ठेवला आहे. तो कचऱ्यात टाकू की आपण परत नेणार, हे कृपया पंधरा दिवसांत लेखी कळवावं.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, पत्रक, झाकणाचा फोटो, लेंड्यांच्या नोंदींचा कागद