आत्याची नाडी आणि जयगडचा सडा

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा मला चालता येणार नाही. गुहागरच्या व्याडेश्वरापासून गणपतीपुळ्यावरून पावसपर्यंतची आपली पायी वारी तू सांभाळणार, म्हणून हे पत्र. मुक्काम ठरलेत, रस्ता तुझ्या पायाखालचा आहे. पण बरोबरची सातही माणसं साठी ओलांडलेली आहेत आणि त्यातलं एकही माणूस आपण होऊन ‘मला झेपत नाही’ म्हणणार नाही. कोणाला केव्हा थांबवायचं, हे तुलाच ओळखावं लागेल.

गेल्या वर्षी आत्याचं काय झालं ते मी तुला नीट सांगितलं नव्हतं. निघण्याआधी आठवडाभर सगळ्यांना रोज पहाटे अंथरुणातच, उठायच्या आधी, नाडी मोजून वहीत लिहायला लावली होती. आत्याची ६८ ते ७० यायची. पालशेतच्या मुक्कामी ७०, वेळणेश्वरला ७२. तिसऱ्या दिवशी हेदवीवरून तवसाळला पोचलो, फेरीबोटीने खाडी ओलांडली आणि जयगडला राहिलो. चौथ्या पहाटे तिची नाडी ८१ भरली. मी वहीत आकडा लिहिला, तिला विचारलं, ती म्हणाली, “वहिनी, झोप नाही लागली, एवढंच.” मी ऐकलं आणि निघालो. तीस वर्षं नर्सचं काम करून मी ते ऐकलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

खाडीपासून घाटी चढून सड्यावर आलो तेव्हा साडेआठ झाले होते. तिथे ना झाड, ना आडोसा. कातळ लवकर तापतो आणि खालूनही ऊन मारतो. पहिल्या विश्रांतीला बसताक्षणी आत्याची नाडी ११८. बोलणं चाललेलं होतं, हसतही होती. चाळीस मिनिटांनी पुन्हा बसलो तर १२८, आणि पाच मिनिटं बसूनही ११६ च्या खाली येईना. तोंड पांढरं पडलं होतं, मळमळ सुरू झाली होती. दोन माणसांनी धरून तिला कलमाच्या बागेत नेलं, पाय उंचावर ठेवले, लुगड्याचा पदर भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला, ओआरएस घोट घोट पाजलं. नाडी ९२ वर यायला चाळीस मिनिटं लागली. तिला रिक्षाने मालगुंडला पाठवलं.

रात्री कारण कळलं. आदल्या दिवशी तवसाळच्या वाटेवर बायकांना आडोसा नव्हता, म्हणून तिने सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. शिवाय रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू होतीच. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त कमी पडतं. उन्हात तेच रक्त कातडीकडेही पाठवावं लागतं, म्हणून हृदय जास्त ठोके मारून तेवढंच काम भागवतं. म्हणजे वाट तीच, चाल तीच, आणि नाडी मात्र चढत जाते. अनेक दिवसांच्या चालीत हा तोटा रात्रीत भरून निघाला नाही, तर सकाळच्या नाडीत पहिल्यांदा दिसतो. ८१ हा आकडा तेच सांगत होता.

म्हणून यंदा बायकांच्या आडोशाची सोय आधी बघ. वाटेतल्या ओळखीच्या घरांना, देवळांना, शाळांना फोन करून ठेव. हे पाण्याच्या बाटल्यांहून महत्त्वाचं आहे.

सकाळचा आकडा नेहमीपेक्षा दहा-बाराने वर असेल, तर त्या माणसाने त्या दिवशी चालायचं नाही किंवा सुरुवातीचा सपाट तुकडाच चालायचा. हा माझा ठोकताळा आहे, पण मी त्यातून आता सूट देत नाही. ताप, जुलाब, अपुरी झोप, काहीही असो, कारण नंतर शोधायचं.

वाटेवरचा नियम मात्र माझा नाही. अमेरिकेत उन्हात काम करणाऱ्या कामगारांसाठी तो सांगितलेला आहे. विश्रांतीला बसल्याबरोबर मनगटावर अर्धा मिनिट नाडी मोजायची आणि दुप्पट करायची. ११० च्या वर असेल तर विश्रांती तेवढीच ठेवायची, पुढची चाल मात्र एक तृतीयांशाने कमी करायची. आपण चाळीस मिनिटं चालतो, दहा मिनिटं बसतो. म्हणजे पुढच्या वेळी सत्तावीस मिनिटांनीच बसायचं. तरीही ११० च्या वर आली तर अठरा. आत्याची पहिली ११८ मी या नियमाने घेतली असती, तर सत्तावीस मिनिटांनी थांबलो असतो आणि सड्याच्या मधोमध तिची ती अवस्था झाली नसती. कामगार बहुतेक तरुण असतात. आपल्या माणसांसाठी आणखी एक बघ, तिसऱ्या मिनिटाला नाडी निदान दहाने उतरली पाहिजे. उतरत नसेल तर उठायचं नाही, घड्याळ काही म्हणो.

वेळेचं लक्षात ठेव. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे. अंगाला गार लागतो, म्हणून पाच वाजता निघायचं. खारा वारा सुटायला दुपारच्या आसपासची वेळ होते. मधल्या दोन-तीन तासांत वारा पडतो. हवा दमट, घाम नुसता वाहतो, वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. तापमान बत्तीसच दाखवेल आणि माणूस भाजून निघेल. हवामान खातं किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार ३७ अंशांपासून करतं, मैदानात ४० पासून, ते काही उगाच नाही. साडेनवाला चाल संपलीच पाहिजे.

काकांची नाडी मोजून उपयोग नाही. ते बीटा-ब्लॉकरची गोळी घेतात, ती नाडी वाढूच देत नाही. त्यांना चालताना ‘जय जय राम कृष्ण हरी’ एका श्वासात पुरं म्हणता आलं पाहिजे. मधे श्वास तोडावा लागला की वेग कमी. ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांची नाडी पूर्ण मिनिट मोज.

पाणी तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं द्यायचं, वय झालं की तहान उशिरा लागते. पण नुसतं साधं पाणी लिटर-लिटर पाजू नकोस. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली, डोकं दुखलं, मळमळलं, तर पाणी जास्त झालं असू शकतं. मीठ घातलेलं कोकम सरबत, आंबील, ओआरएस ठेव. ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यातच विरघळवायचं, अर्ध्या तांब्यात नाही. हृदयाची किंवा किडनीची तक्रार असलेल्यांनी किती प्यायचं, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून वहीत लिही.

आणि एखादं माणूस उलटसुलट बोलू लागलं, गाव कुठलं ते सांगेना, तर नाडी मोजत बसू नकोस. घाम येत असला तरी तो उष्माघात समज. १०८ ला फोन लाव, आणि गाडी येईपर्यंत अंगावर सारखं पाणी ओतून वारा घालत राहा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नकोस.

वही आत्याकडे आहे. ती यंदाही येणार आहे, गोळीचं डॉक्टरांना विचारून झालं आहे. जयगडच्या पहाटे तिचा आकडा तू स्वतः मोज, तिला विचारू नकोस.

तुझी,
आई