विषय: बरोबर पासवर्ड नाकारणारा तुमचा मेल सर्व्हर आणि ‘कॅप्स लॉक’ विचारणारी हेल्पलाइन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाची मेल खाती मी सांभाळतो. वेबमेलला चालणारा पासवर्ड थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये टाकला की चौकट पुन्हा उघडते आणि पुन्हा पासवर्डच मागते. याचं कारण तुम्ही सांगायचं, ते मीच सांगतो. तुम्ही सगळ्या खात्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची केलीत. मेल प्रोग्रॅम सर्व्हरवरची मेल ज्या आयमॅप पद्धतीने वाचतो, तिच्या साध्या लॉगिनमध्ये फक्त नाव आणि पासवर्ड जातो, ओटीपीला जागाच नसते. म्हणून सर्व्हर मुख्य पासवर्ड नाकारतो. तिथे सुरक्षा पानावर तयार केलेला ॲप पासवर्डच लागतो. याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की सर्व्हर हे सांगत नाही. तो एवढंच म्हणतो:

```
a1 NO [AUTHENTICATIONFAILED] Invalid credentials
```

खरोखर चुकलेल्या पासवर्डालाही हेच उत्तर! आयमॅपमध्ये `[ALERT]` नावाची सोय आहे आणि त्यातला मजकूर वापरणाऱ्याला दाखवणं मेल प्रोग्रॅमवर बंधनकारक आहे. ‘ॲप पासवर्ड वापरा’ एवढी एक ओळ तिथे लिहायला काय हरकत होती?

आता कालचा फोन. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “सर, कॅप्स लॉक चालू आहे का बघा.” नाही म्हटलं. “मग पासवर्ड रीसेट करा.” वेबमेल चालतंय, पासवर्ड बरोबर आहे, ॲप पासवर्डचं बोला, असं म्हटल्यावर उत्तर आलं, “आमचं कुठलं ॲप टाकलंय सर तुम्ही?” त्यावरही कडी म्हणजे, “एखाद्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवून घ्या.” अहो, तो कॉम्प्युटरवाला मीच!

शेवटी त्यांनी स्वतःच रीसेट केलं. मुख्य पासवर्ड बदलला की तुमच्याकडे आधीचे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तोवर सुरळीत चाललेली गोदामातली आणि हिशेबनिसांची मशीनही बंद पडली. वर साहेब विचारतात, “बघा, वेबमेल उघडलं ना?” ते बंद होतं कधी?

पुढचं निस्तरणंही तुमच्या मदत पानावर धड नाही. प्रत्येक मशीनला वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा, म्हणजे एखादं मशीन हरवलं तर तेवढाच रद्द करता येतो. तो एकदाच दिसतो, म्हणून लगेच चिकटवावा. थंडरबर्डच्या Saved Passwords मध्ये एकाच खात्याच्या दोन नोंदी असतात, `imap://` आणि `smtp://`. जुन्या दोन्ही काढाव्यात. पहिलीच काढली तर मेल येतात, पण व्यापाऱ्यांची बिलं जात नाहीत आणि चौकट पुन्हा हजर. जुना पासवर्ड साठवलेला मोबाइलही बदलावा, नाहीतर तो मागून चुकीचे प्रयत्न करत राहतो आणि तुमचा सर्व्हर खातं कुलूपबंद करतो.

सर्व्हरचा संदेश सुधारा आणि रीसेटच्या बटणाशेजारी ‘सर्व ॲप पासवर्ड रद्द होतील’ असं ठळक लिहा. महिनाअखेरीपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर नूतनीकरण होणार नाही. डोमेन आमच्या नावावर आहे, आमची मेल कुठल्या सर्व्हरवर यावी हे ठरवणारी एमएक्स नोंद बदलायला तुमच्या हेल्पलाइनची गरज नाही.

आपला (अजून तरी) ग्राहक,
सांगली